खालून वर

“सात,” वैष्णवी म्हणाली. तिसऱ्यांदा सात. मग तीन वेळा आठ.

देवळाली कॅम्पातलं आमचं फॉल-पिकोचं दुकान, दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. निफाडच्या रविराजने तिला लग्नाचं विचारून रविवारपर्यंत हो की नाही ते कळव म्हटलं होतं, आणि ही माझी धाकटी बहीण मला कौल लावायला सांगत होती. एका फौजीच्या बायकोने बदली होऊन जाताना मला चिनी शकुनाचं पुस्तक दिलेलं. दहा वर्षं मी अख्ख्या कॅम्पाच्या बायकांची लग्नं त्यावर बघतेय.

तीन नाणी, सहा वेळा. छाप्याचे तीन, काट्याचे दोन. बेरीज विषम आली की अखंड रेघ, सम आली की तुटकी. सहा किंवा नऊ आले तर रेघ बदलते. तिला एकही आला नव्हता. खालच्या तीन रेघा म्हणजे विचारणारी, वरच्या तीन म्हणजे तो.

रेघा खालून वर मांडायच्या असतात. तशा मांडल्या असत्या तर खाली वैष्णवी आकाश, वर रविराज जमीन. आकाश वर चढतं, जमीन खाली उतरते, दोघं मधे भेटतात. अकरावं चित्र, सुखाचं. याहून चांगला कौल मी कुणालाच दिला नव्हता.

मी वरून खाली मांडल्या. बारावं चित्र.

“आकाश वर, जमीन खाली. चांगलंच की गं ताई!”

“कसलं डोंबलाचं चांगलं! वरचं वर जातं, खालचं खाली. तो उडत राहणार, तू मातीत. गाठ पडायची नाही.”

“नक्की?”

“मी काय तुझी वैरीण आहे का?”

होते. त्रेचाळिसाव्या वर्षी मला कुणी विचारायला येत नव्हतं, आणि ही गेली की घरी मी भिंतींशी बोलणार होते. ती रडली, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

तिने नकार कळवला. वैशाखात रविराजचं लग्न झालं.

श्रावणात दुकानात तृप्ती आली, बाजूच्या पार्लरवाली. मी बँकेत गेले होते. परतले तर वैष्णवी पुस्तक उघडून तिच्यासाठी रेघा मांडत होती. खालून वर.

तृप्ती गेल्यावर ती म्हणाली, “पहिल्याच पानावर लिहिलंय. तुझं तेव्हा चुकलं असेल ना?”

नजर माझ्यावरच. तिने माफीचं दार उघडं ठेवलंय, मी हो म्हटलं की आत घेईल, असं मला वाटलं. मी म्हणाले, “हो गं. घाईत चुकलं.”

“दहा वर्षांत एकदाच?”

तिने मशीनवरची साडी सरळ केली आणि टाके घालू लागली.

ती कुठे गेली नाही. आम्ही अजून एकाच घरात राहतो, एका ताटात भाजी चिरतो. फक्त आता ती मला ताई म्हणत नाही. “मनीषाबाई, मीठ देता का,” म्हणते, आणि मी देते.