आईसाठी दुसरं पान

गल्लीत त्या दोघांना ड्रायव्हरकाका आणि टायपिस्टकाकू म्हणत. काकांनी उभी हयात बस चालवली आणि काकूंनी एका मोठ्या कचेरीत टंकलेखन केलं. दोघंही निवृत्त झाले होते. एकुलता एक मुलगा परदेशात होता. जुना टीव्ही एके दिवशी कायमचा डोळे मिटून बसला, तेव्हा त्याने तिकडूनच नवा मागवून दिला.

टीव्ही बसवणारा माणूस घाईत होता. भिंतीला भोकं पाडली, पट्टी ठोकली, टीव्ही टांगला, रिमोटवर भराभर बोटं फिरवून "असं, असं आणि असं" म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला. रिमोट हातभर नव्हे, वीतभरही नव्हता. त्यावर आकडे नव्हते. काकांना वाटलं, अर्धा रिमोट द्यायचा राहूनच गेला.

मुलाने फोनवरून शिकवायचा प्रयत्न केला.

"बाबा, होम दाबा."

"अरे, घरातच आहे मी."

असं पाऊण तास चाललं. मुलाला पडदा दिसत नव्हता आणि काकांना जे दिसत होतं ते सांगता येत नव्हतं. शेवटी काकांचा आवाज चढला, फोन आपटला गेला आणि टीव्हीवर धुतलेली चादर पांघरली गेली. काकू तशाही टीव्हीबद्दल फारसं बोलत नसत. गेली काही वर्षं त्यांच्या नजरेच्या बरोबर मध्यभागी एक धुरकट डाग बसला होता. कडेचं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जाई. डॉक्टरांनी चष्म्याने भागणार नाही म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून रिमोट काकांकडे आणि काका लावतील ते काकूंच्या कानावर, असा रिवाजच पडून गेला होता.

मग एक जाडजूड पाकीट आलं. मुलाचं अक्षर, तेही ठळक आणि मोठं. काकांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

मुलाने तसलाच रिमोट तिकडे विकत आणला होता. त्याच्या मित्राकडे त्याच कंपनीचा टीव्ही होता. तिथे जाऊन त्याने एकेक गोष्ट स्वतः करून बघितली आणि मग लिहिली होती. पहिलं पान काकांसाठी होतं.

"बाबा, मागचं झाकण अंगठ्याने खाली सरकवा. सेल घालताना सपाट बाजू स्प्रिंगकडे. सगळ्यात वरचं एकटं बटण म्हणजे तुमची चावी. त्याच्याखाली गोल चकती आहे, ते तुमचं स्टिअरिंग: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. जिकडे दाबाल तिकडे पडद्यावरची उजळ चौकट सरकेल. चकतीच्या मध्ये दाबलं की त्या चौकटीच्या आत शिरता. चकतीच्या खाली दोन बटणं. डावं म्हणजे रिव्हर्स, एक पाऊल मागे. उजवं, घराचं चित्र असलेलं, म्हणजे डेपो. वाट चुकली तर रागवायचं नाही, डेपोत यायचं आणि नव्याने निघायचं. काही बिघडत नाही."

काकांनी चादर काढली. मुद्दाम नको तिथे शिरले, हरवले, घर दाबलं आणि खरंच सुरुवातीला परत आले. "कार्ट्याला समजावता येतं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकली नव्हती.

पान उलटलं. वरच लिहिलं होतं, "हे पान आईसाठी. बाबा, तुम्ही फक्त मी सांगतो तेवढं करा, आणि नंतर रिमोट आईच्या हातात द्या. तिने मागितल्याशिवाय परत घेऊ नका."

काकांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग पुढे वाचू लागले.

आधी घराच्या बटणावर डिंकाचा एक थेंब ठेवून वाळू द्यायचा होता, म्हणजे तिथे बोटाला उंचवटा लागेल. तो वाळेपर्यंत चहा झाला. मग घर दाबून, सगळ्यात वरच्या ओळीत जाऊन, उजवीकडे दातेरी चाकाचं चित्र गाठायचं होतं. त्यात 'सिस्टिम', त्यात 'अॅक्सेसिबिलिटी', त्यात 'टॉकबॅक'. ते सुरू करायचं आणि टीव्ही 'खात्री आहे का' असं विचारेल तेव्हा हो म्हणायचं. काका एकेक शब्द पत्रातून पडद्यावर आणि पडद्यावरून पत्रात ताडून बघत पुढे सरकले. शेवटचं बटण दाबलं आणि टीव्हीतून एक बाई बोलू लागली. चौकट जिथे जाई त्याचं नाव ती वाचून दाखवत होती.

"ही आता दिवसभर बडबडणार की काय? बंद करतो," काका म्हणाले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "पुढे वाचा."

"आई," पुढे लिहिलं होतं, "शाळा सुटल्यावर मी तुझ्या कचेरीत येऊन बसायचो. तुझी नजर कागदावर आणि बोटं खाली आपोआप पळत. तू एकदाही खाली बघितलं नाहीस. मला तेव्हा ती जादू वाटायची. हा रिमोटही तसाच धर. अंगठा चकतीच्या मध्यावर, तिथे खळगा लागेल. तीच तुझी टंकयंत्रावरची मधली ओळ. प्रत्येक वेळी अंगठा तिथे परत आण. मी डोळ्यांवर रुमाल बांधून हे केलंय. मला आठवडा लागला. तुला इतका लागणार नाही."

काकांनी रिमोट बायकोच्या हातात ठेवला.

काकूंनी तो मांडीवर नीट सरळ धरला. अंगठ्याने खळगा शोधला. खाली उजवीकडे डिंकाचा टिपका लागला, तो दाबला. टीव्हीतली बाई बोलली. काकूंनी मान जराशी कलती केली, पूर्वी साहेबांचा मजकूर ऐकताना करत तशी. खाली. उजवीकडे. बाई नाव वाचायची, काकू थोडं थांबायच्या, नको असेल तर पुढे जायच्या. एकदा भलत्याच जागी शिरल्या. काकांचा हात पुढे झाला, पण त्यांनी तो आपल्याच गुडघ्यावर दाबून धरला. काकूंनी डावं बटण शोधलं आणि मागे आल्या.

मग एक नाव ऐकून त्या थांबल्या. सरोदवादनाची मैफल होती. त्यांनी खळगा दाबला. बोलणारी बाई गप्प झाली आणि खोलीत तारा झंकारल्या.

"तुला सरोद आवडतं?" काकांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही बातम्या बघत होतात ना."

त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच काकांना ते जास्त लागलं. मैफल संपेपर्यंत ते हलले नाहीत. त्यांना त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण बायकोची बोटं मांडीवर ताल धरत होती आणि इतक्या वर्षांत त्यांनी ते बघितलं नव्हतं.

मुलाचा फोन आला तेव्हा बोलल्या त्या काकूच. सगळं जमलं, फक्त आवाज कमी-जास्त करायचं बटण सांगायला तू विसरलास, असं त्यांनी सांगितलं. "त्या दोन बटणांच्याही खाली लांबट असतं ते, माझं मीच शोधून काढलं." मुलगा म्हणाला, "आई, तू शोधशील, मला वाटलंच होतं."

आता संध्याकाळी काका खुर्ची ओढून काकूंच्या शेजारी बसतात आणि आज काय लावतेस म्हणून विचारतात. बातम्या हव्या असल्या तर तसं सांगतात. बहुतेक वेळा काकू लावून देतात.