हात तेवढा दुमडला

पेणच्या रामवाडीत पोपटशेठचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या संगणकाच्या कामावर कित्येक वर्षं दिपिकाचंच राज्य होतं. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे बॅनर, गेलेल्या माणसांचे हार घालायचे फोटो, सगळं तिच्या हाताखालून जायचं. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "दिपिका हाय ना?" ती आहे म्हटल्यावरच चप्पल काढून आत यायचं.

मग रोह्याहून ऋतुजा आली. रोज सकाळी गाडीने यायची, संध्याकाळी गाडीने जायची. दिसायला साधी, बोलायला गोड, आणि कामाला अशी की बघणाऱ्याला झोप यावी. जिथे दिपिका दोन फोटो उरकायची तिथे ही बाई एकाच फोटोवर बसलेली. तरी महिना-दोन महिन्यांत गिऱ्हाईक दारातून विचारू लागलं, "ती रोह्याची पोरगी हाय का?" दिपिकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने कुणाला दाखवलं नाही, पण ऋतुजाचा डबा उघडला की तिला वास सहन होईना, आणि ऋतुजा हसली की हिला वाटे आपल्यालाच हसली.

पुढचं सगळं घडलं ते दिपिकाच्या बापाच्या फोटोवरून.

पुंडलिक जन्मभर मिठागरावर राबलेला माणूस. त्याचा धड म्हणावा असा एकच फोटो होता. मिठाच्या राशींपुढे उभा, हातात मीठ ओढायची लांब दांड्याची फळी. खाडीचा बांध फुटून घरात पाणी शिरलं, तेव्हा तो फोटोही भिजला. चेहरा वाचला, पण डावा खांदा, फळी धरलेला हात आणि मागची रास, एवढा भाग पांढरा पडून खपलीसारखा निघाला. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. चंद्रावतीला, म्हणजे दिपिकाच्या आईला, त्या दिवशी भिंतीवर नवऱ्याचा मोठा फोटो हवा होता. तिची दुसरी काही मागणी नव्हती.

दिपिकाने फोटो स्कॅन केला. गेलेल्या भागाभोवती निवडीची एकच मोठी रेघ आखली, काय हवं ते दोन शब्दांत लिहिलं आणि संगणकाला सांगितलं, भर. त्याने आपल्या रिवाजाप्रमाणे तीन नमुने दिले. एकात बापाला तिसरा हात फुटला होता. दुसऱ्यात मिठाची रास बर्फाचा डोंगर झाली होती. तिसरा त्यातल्या त्यात बरा. तो तिने घेतला, नमुन्याची प्रत छापली आणि आईच्या हातात ठेवली.

आईने प्रत खिडकीशी नेऊन पाहिली. "खांदा त्यांचाच गो," ती म्हणाली. "पन हात नाय त्यांचा. यो कुना मास्तराचा हात हाय."

आता काय ऐकायचं ते कानच ठरवतात. दिपिकाला पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. "मशीन देतं ते घ्यायचं असतं, आये," ती फणकारली. "मी काय नवीन हात लावू?" चंद्रावती प्रत पिशवीत घालून गेली.

चार दिवसांनी दिपिका बँकेतून स्टुडिओत परतली तर तिची आई ऋतुजाच्या शेजारी स्टुलावर बसलेली. पायाशी पिशवी, हातात चहाचा ग्लास. पोटच्या पोरीला सोडून परक्या पोरीकडे. दिपिकाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ये गो," आई म्हणाली. "जरा हाताचंच बघत हुतो."

दिपिका आली नाही. आपल्या खुर्चीत बसली आणि समोरच्या पडद्याकडे बघत सगळं लक्ष मागे ठेवलं.

ऋतुजाची पद्धत तिला माहीत होती आणि तिचा तिला तिटकारा होता. ती सगळा भाग एकदम भरायला लावायची नाही. मनगटापुरती छोटी निवड करायची, तीन नमुने आले की आणखी तीन मागायची, पुन्हा तीन. भरलेला भाग फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक कागदासारखा वेगळा थर होऊन यायचा; मग त्या थराच्या प्रती काढायच्या आणि प्रत्येक प्रतीत वेगळा नमुना ठेवायचा. कुठलाच नमुना ती पूर्ण घ्यायची नाही. प्रत्येक थरावरचा मास्क, म्हणजे त्याचा बुरखा, काळा करून सगळा झाकून टाकायची आणि जेवढं चांगलं तेवढंच पांढऱ्या मऊ ब्रशने उघडायची. एकातला अंगठा, दुसऱ्यातली बोटांची पकड, तिसऱ्यातली बाही. काही पुसायचं नाही, झाकायचं. म्हणजे चुकलं तर पुन्हा उघडता येतं.

"मावशी, असा अंगठा?"

"नाय. ते अंगठा दांड्यावर आडवा ठेवायचे."

"मग हा पाचव्यातला बघा."

"व्हय. यो." चंद्रावती ग्लास खाली ठेवून पुढे झुकली. "योच. आता बोटं."

बापाचा अंगठा परक्या पोरीच्या हातून येत होता आणि आई लहान पोरीसारखी खूश होत होती. दिपिकाला रडू यायच्या बेतात होतं, पण त्याचा राग झाला. असा राग बरा वाटतो, कारण त्यात आपण बरोबर असतो.

दुपारी ऋतुजा आईला रिक्षात बसवून द्यायला गेली. पोपटशेठ जेवायला घरी. दिपिका उठली. आधी तिने सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमधली बाबांच्या फोटोची स्वतःची फाईल उडवली आणि कचऱ्याची पेटीही रिकामी केली. आपलं काम तिच्या कामाशेजारी ठेवून कुणी तुलना करायला नको. मग ती ऋतुजाच्या खुर्चीत बसली.

फाईल उघडीच होती. एकावर एक थर, नावं साधी: अंगठा, बोटं, बाही, रास, खांदा. दिपिका एकेका थरासमोरचा डोळा मिटून, म्हणजे तो थर लपवून, बघू लागली. खोट शोधत होती. बोटांत थोडी सापडली, राशीतही. खांद्यात सापडेना. मिठाच्या पाट्या वाहून वाहून बाबांचा डावा खांदा उतरलेला असायचा, सदरा तिकडे जरा घसरलेला. तसाच्या तसा. हे हिला कसं जमलं? हिने त्यांना कधी बघितलंसुद्धा नाही.

तिने तो थर उडवला. फाईल सेव्ह केली आणि बंद केली, म्हणजे पावलं मागे घ्यायचीही सोय राहिली नाही. मग आपल्या जागेवर येऊन कुणाच्या तरी बारशाचा बॅनर करत बसली. बाळाचं नाव दोनदा चुकलं.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाने फाईल उघडली. बापाच्या डाव्या अंगाला भोक पडलं होतं, आणि त्याच्या खाली तयार हात लोंबत होता.

"ताई," ती म्हणाली, "खांदा गेला."

"मग भर परत," दिपिका मान वर न करता म्हणाली. "तुला येतं ना."

"तो मला येत नव्हता. तो तुमचाच होता. तुमच्या फाईलमधून उचलला होता. मी खूप नमुने काढले, एकही तसा नाही आला. मावशींनी मला सुरुवातीलाच सांगितलं, खांद्याला हात नको लावू, तो माझ्या दिपीने बरोबर केलाय." तिने माऊस हातात घेतला. "तुमची जुनी फाईल आहे ना? त्यातून पुन्हा घेते."

दिपिकाच्या तोंडचं पाणी पळालं. जे तिने हेव्याने उपटलं ते तिचंच होतं, आणि तेही दोन्ही फाईलींतून.

"नाही," ती म्हणाली. "उडाली ती."

दिवसभर दोघी खांदा काढत बसल्या. तीच निवड, तेच शब्द. पण हे यंत्र एकदा दिलेलं पुन्हा तसंच देत नाही. पोलिसाचे ताठ खांदे आले, नवरदेवाचे आले, एक तर बाईचाही आला. दोन-तीन नमुन्यांतून तुकडे उघडून जोडून पाहिले. सदरा जमला, उतार जमेना. ऋतुजा एका शब्दानेही काही बोलली नाही. कुणी काही बोलत नाही तेव्हा आपलंच मन फार बोलतं.

संध्याकाळी दिपिका सासरी न जाता आईच्या गावाला गेली. काय सांगायचं ते ठरवून गेली होती, पण दारात पाऊल ठेवताच सगळं विसरली. देवाच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्याला टेकवून, बाबा उभे होते. तिचीच प्रत. आईने तिचा खालचा कोपरा तिरका मागे दुमडला होता. मास्तराचा हात त्या घडीत गेला होता. वर चेहरा होता आणि उतरलेला खांदा.

"आये, तू ही टाकली नाहीस?"

"टाकू कशाला?" चंद्रावती चुलीपुढून उठली. "खांदा किती नीट केलास तू. तो हात तेवढा मागं दुमडला. नको उलगडू, दिसंल परत."

दिपिकाने सगळं सांगितलं, फाईल, थर, सगळं. चंद्रावतीला थर म्हणजे काय ते कळलं नाही. पोरीने काय केलं ते बरोबर कळलं.

"जळलीस तिच्यावर," ती म्हणाली.

"व्हय."

"अजून जळतेस?"

"व्हय."

चंद्रावतीने प्रत फळीवरून काढली, पदराने पुसली आणि तिच्या हातात दिली. "ने. उद्या तिला सांग कुनी केलं ते. मंग दोघी मिळून करा."

सकाळी गाडीतून उतरून ऋतुजा आली तेव्हा दिपिका स्कॅनरपाशी उभी होती. "तो थर मी उडवला," ती म्हणाली. पुढे माफीबिफी मागायची होती, ती राहून गेली. ऋतुजाने पर्स खुंटीला लावली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि आपली खुर्ची तिला सोडून शेजारच्या स्टुलावर बसली.

दिपिकाने प्रत घडी न उलगडता तशीच काचेवर ठेवली. खांदा फाईलमध्ये आला. तिने त्याच्यावर मास्क घातला, सगळा काळा, आणि पांढऱ्या ब्रशने बाबांचा खांदा हळूहळू उघडू लागली. हाताशी आल्यावर ती थांबली. तिथून पुढे ऋतुजाचा हात होता, आणि तो चांगला होता.