चावीवाल्याचं पान

शिरूरच्या व्यापाऱ्यांनी गावाची पुस्तिका काढायची ठरवली आणि रेल्वेवरचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. मी इथल्या कॉलेजात इतिहास शिकवते, म्हणजे फुकटात काम होणार. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष हौशीरामआप्पा यांनी शेवटसुद्धा आधीच सांगून ठेवला होता: रेल्वे दौंडला गेली आणि शिरूर बसलं.

खोटं नव्हतं ते. रूळ येण्याआधी नगरकडचं धान्य बैलगाड्यांवर लादून शिरूरवरून पुण्याला जायचं. घोडनदीकाठी मुक्काम पडायचे. वैरण, दोर, बैलांचे नाल, सगळं इथंच खपायचं. मग सोलापूरकडे जाणारे रूळ दौंडवरून गेले आणि १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. तेव्हापासून नगरचा माल वॅगनीतून परस्पर निघाला. लांब पल्ल्याचे गाडीवान शेतापासून स्टेशनापर्यंतची भाडी मारू लागले. तारेनं मुंबईचा भाव कळू लागला, तशी मनाला येईल तो भाव सांगणाऱ्यांची पंचाईत झाली.

हे सारं मी लिहिलं, आणि एक पान जास्त लिहिलं. माझे खापरपणजोबा भैरू त्याच सुमारास राहू हे गाव सोडून दौंडला गेले. गावात मेलेली ढोरं ओढायची, पाटलाचे सांगावे घेऊन पळायचं, आणि बदल्यात खळ्यावरचं उरलंसुरलं. रेल्वेत ते चावीवाले झाले. रोज ठरलेला पट्टा पायी तुडवायचा आणि रूळ आवळून धरणारी चावी सैल दिसली, की हातोड्यानं ठोकून घट्ट करायची. महिन्याला रोख पगार. एकदा पाटलानं बोलावणं धाडलं, तर ते म्हणाले, "गाडीची वेळ झालीय, मला येता येणार न्हाई." आमच्या घरात हे अजून सांगतात.

बैठकीत आप्पांनी नेमकं तेच पान बाजूला काढलं. व्यापाराच्या पुस्तकात घरच्या गोष्टी नकोत, म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आप्पा, वैरण विकणारा बसला तो व्यापार, आन् ढोर ओढणारा उठला ती घरची गोष्ट?"

"मॅडम, गावाचं नुकसान झालं, ते सांगायचं हाय."

"फुकट राबणारी माणसं पगारावर गेली, ती बी रेल्वेनंच नेली. ते बी नुकसानीत धरायचं का?"

शेवटी आप्पा नरमले. पान राहील, पण पाटलाला दिलेला नकार तेवढा गाळा. त्या पाटलाच्या घरचे आज पुस्तिकेला पैशाची मदत करतात, म्हणाले.

"मग बाकीचं सगळं गाळा, आप्पा. तेवढाच राहू द्या."

आणि मी कागद उचलून बाहेर पडले. पुस्तिका दिवाळीत निघाली, त्यात रेल्वेवर एक ओळ नाही. यंदा ते पान मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात शिकवलं आणि पेपरात दहा गुणांचा प्रश्न घातला: भैरूंनी पाटलाला नकार कशाच्या बळावर दिला?