पंधरावी

रसायनशास्त्राचे सर क्लासमध्ये पगारावर नव्हते, टक्केवारीवर होते. महिन्यात मुलांची जी फी प्रत्यक्ष जमा होईल तिच्यातले चाळीस टक्के क्लासचे, साठ सरांचे. जागा, वीज, जाहिरात, छापील नोट्स हे सगळं क्लासकडे. व्यवहार चोख होता. अट एकच होती. बॅचमध्ये फी भरणारी मुलं पंधराच्या खाली गेली, की त्या महिन्यापासून वाटणी निम्मी-निम्मी. रिकाम्या बाकांनाही भाडं पडतं, असं मालक म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्या वर्षी संध्याकाळची बॅच भरलीच नाही. उरली ती सकाळची, वैद्यकीय प्रवेश परीक्षेत एकदा हुकलेल्यांची. तिच्यात बरोबर पंधरा मुलं होती. प्रत्येकी तीन हजार, म्हणजे सरांच्या हाती सत्तावीस हजार. एक जरी गळालं तर एकवीस. घराचा हप्ता सत्तावीसांत कसाबसा बसत होता.

या पंधरांत एक मुलगी होती, तिला सगळे मुंगी म्हणत. सतत काहीतरी लिहीत असायची. पाठांतर पक्कं होतं, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की गाडी अडायची. सराव परीक्षेत तिचे गुण हलायला तयार नव्हते. सरांनी पंचवीस वर्षं मुलं पाहिली होती. हिचं काम होणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

वर्ग सुरू होऊन दोन महिने झाले असतील. मुंगीचे वडील क्लासवर आले. ते वायरमन होते. कामावरून थेट आले होते, पिशवीतून पक्कड डोकावत होती. मुलीला प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेला जागा मिळाली होती. सरकारी कॉलेज, फी नावापुरती. दोन दिवसांत प्रवेश घ्यायला हवा होता. मुलगी म्हणत होती, डॉक्टरच व्हायचं.

"आमच्यात एवढं शिकलेलं कोणी नाही, सर," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं करू."

मुंगी दाराशी उभी राहून सरांकडे पाहत होती.

घ्या ती जागा, हे शब्द सरांच्या ओठांवर आले होते. त्याच वेळी मनात पंधरातून एक वजा झाला, आणि सत्तावीसांचे एकवीस झाले.

"मेहनती आहे," सर म्हणाले. "एवढं वर्ष जाऊ द्या. बघू."

यात खोटा शब्द एकही नव्हता. वडिलांनी हात जोडले आणि जाताना पुढच्या महिन्याची फीही भरून गेले.

बॅच शेवटपर्यंत पंधराची राहिली. सरांनी मुंगीसाठी जीव तोडला. तिला शिकवणी संपल्यावर थांबवून घेतलं, तीच उदाहरणं चार-चारदा समजावली. बायको म्हणाली, "अहो, एकीच्याच मागे का लागलाय?" सर तिच्यासाठी नवी उदाहरणं काढत राहिले. पण मनाला टोचणी असली म्हणून शिकवण्यात जादू येत नाही. निकालात मुंगीचे गुण जवळजवळ तेवढेच राहिले. पदविकेच्या प्रवेशाची गुणांची मर्यादाही त्या वर्षी वर चढली होती. तिथेही तिचा नंबर लागला नाही.

सर मालकांकडे गेले आणि ठरावीक पगार मागितला. मालक चकित झाले. अठरापेक्षा जास्त देता येणार नाही, टक्केवारीतच तुमचा फायदा आहे, असं त्यांनी परोपरीनं समजावलं. सरांनी अठरा घेतले. बायकोला कारण सांगितलं तेव्हा तिनं हप्त्याची वही काढून पाहिली. मग म्हणाली, "हप्ता लांबवून घेऊ. पण त्या पोरीचं काय?"

त्या पोरीचं काय, हे सरांना औषधाच्या दुकानात कळलं. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला ते गेले, तर काउंटरमागे मुंगी. तिनं हसून गोळ्या काढून दिल्या, वडिलांची खुशाली सांगितली. मग हळूच विचारलं, "सर, अजून एक वर्ष दिलं असतं तर झालं असतं ना?"

हो म्हणणं सोपं होतं. तिला तेच हवं होतं.

"नाही झालं असतं," सर म्हणाले. "तुझे वडील आले होते तेव्हाच मला माहीत होतं. तू गेली असतीस तर माझा वाटा कमी झाला असता. म्हणून बोललो नाही."

मुंगीनं सुटे पैसे काउंटरवर ठेवले. आधीच्या गिऱ्हाईकाला तिनं ते हातात दिले होते. मागच्या गिऱ्हाईकानं चिठ्ठी पुढे केली होती, ती तिनं घेतली आणि मान खाली घालून वाचू लागली. सरांनी सुटे उचलले, गोळ्या खिशात टाकल्या. मग ते बाजूला झाले, कारण रांग वाढत होती.