तलवारींची पंजी

शिलाईच्या दुकानात वाद बाहीवरून झाला आणि कपडे बेतणाऱ्या मास्तरीणबाईंचंच बरोबर होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर त्या स्वतः येऊन सांगतील. मैत्रिणीने शिवलेली बाही अर्धा इंच आखूड होती. त्यांनी गिऱ्हाइकांसमोर टेप लावून ते सिद्ध केलं आणि वर हसल्या. एकोणीस वर्षं शेजारच्या मशीनवर बसून काज-बटणं करणारी त्यांची ही मैत्रीण, काजवाली, तिथल्या तिथे उठून निघून गेली. तिची कात्री टेबलावरच राहिली.

पाचव्या दिवशी शिलाईत काही मन लागेना, तेव्हा मास्तरीणबाईंनी नणंदेचं दार वाजवलं. नणंद टॅरोचे पत्ते वाचायची.

"वन्सं, ती आधी माफी मागेल का, तेवढं बघा."

"तिच्या मनातलं पत्त्यांना काय ठाऊक? तुझं विचार."

मग प्रश्न ठरला: मी आधी मागावी का? मास्तरीणबाईंनी पत्ते पिसले, डाव्या हाताने कापले. नणंदेने वरचा पत्ता वहीचं पान उलटावं तसा आडवा उलटला, म्हणजे सुलट्याचा उलटा व्हायला नको. तलवारींची पंजी आली, सुलटी.

चित्रात फाटके ढग होते. पुढे एक जण तीन तलवारी घेऊन मागे वळून हसत होता, दोन जमिनीवर पडल्या होत्या आणि पाण्याकडे दोघं पाठमोरे चालले होते.

"या पाठमोऱ्यांतली एक मी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बिचारी."

"वहिनी, हसलं कोण?"

मास्तरीणबाईंनी छताकडे पाहिलं.

"तिची कात्री कुठे आहे?"

"माझ्याकडे. कागद कापायला घेते अधूनमधून."

नणंदेने कपाळाला हात लावला. कापडाच्या कात्रीने कागद कापला की धार जाते, शिवणकामात ते पापच, हे तिलाही माहीत होतं.

"दुसरा पत्ता काढा ना."

"मनासारखा येईपर्यंत पिसत बसलं तर त्याला वाचन म्हणत नाहीत. चित्रातला हा हसणारा जिंकलाय, वहिनी, पण बोलायला कोणी उरलं नाही. माप बरोबर होतं ते राहू दे. हसलीस त्याची माफी माग. आणि माफीत 'पण' आला, की परत तलवार उचललीस म्हणून समज."

मास्तरीणबाईंना पहिल्यांदाच भीती वाटली, की ती खरंच परत आली नाही तर?

कात्री घेऊन त्या तिच्या घरी गेल्या, तेव्हा काजवालीने दार अर्धंच उघडलं.

"सगळ्यांसमोर हसले, ते चुकलं माझं," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि थांबल्या. अर्धा इंच घशाशी आला होता.

काजवाली वाट बघत राहिली. "पण?"

"पण काही नाही."

काजवालीने कात्री घेतली, अंगठ्याने धार चाचपली, मग हातातल्या चिंधीवर चालवली. चिंधी कापली गेली नाही, नुसती चुरगळली.

"कागद कापलास?"

"हो."

"मग त्याची वेगळी माग," काजवाली म्हणाली आणि दार पूर्ण उघडलं.