साडेपाचचं वाक्य

"ब्रोशर नको, चिन्मयी," आमचे ब्रांच हेड सुमंत सर म्हणाले. "इथं माणसं कशी वागतात, ते नवीन पोरांना पाच मिनिटांत कळलं पाहिजे."

शहराबाहेर मिहानमधल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत मी एचआरला आहे. वेलकम व्हिडिओची स्क्रिप्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'आम्ही एक कुटुंब आहोत' वगैरे जुन्या ब्रोशरमधलं आधी खोडलं. मग प्रत्येकाला एकच विचारत फिरले : पहिल्या महिन्यात कोणी न सांगता काय कळलं?

डेव्हलपमेंटचा विक्की हसला. "सरांनी चष्मा काढला की गप्प राहायचं."

टेस्टिंगची उन्नती म्हणाली, "साडेपाचले मी बॅग उचलते ना, कोणी घड्याळाकडे पाहत नाही वं. उरलेलं घरून करून देते."

माझंही तेच. ऑफिस साडेसहाला सुटतं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्यात, प्रयागबाईंचं पाळणाघर सातला बंद होतं. साडेपाचला निघाले तरी दारात पोचेपर्यंत पावणेसात. माझा विहंग दीड वर्षाचा आहे, शेवटचा तोच उरलेला असतो. ही सूट सरांनीच दिलेली. तोंडी.

स्क्रिप्टच्या डाव्या रकान्यात दृश्य लिहिलं : रिकामी खुर्ची, बंद लॅपटॉप. उजवीकडे आवाज : 'साडेपाचला एखादी आई बॅग उचलते. कोणी घड्याळाकडे पाहत नाही.'

"हेच पाहिजे होतं!" सर खूश. त्यांनी स्क्रिप्ट मंजुरीसाठी पुण्याच्या हेड ऑफिसला पाठवली.

तिसऱ्या दिवशी त्या वाक्याशेजारी शेरा आला : 'हे कोणत्या पॉलिसीत आहे? किती जण? कधीपासून?'

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चष्मा काढला.

"मीही वाचलं होतं. माझ्याही लक्षात नाही आलं," ते म्हणाले. "सोमवारपासून सगळ्यांना साडेसहा."

"सर, मी वाक्य काढते ना."

"वाक्य निघेल गं. त्यांनी वाचलंय, त्याचं काय?"

उन्नती जिन्यात भेटली. "काहून लिहिलं वं? मी तुले सांगितलं होतं, कॅमेऱ्याले नाही."

मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत, लावत राहिले.

सोमवारी रेकॉर्डिंग. खरखर नको म्हणून मीटिंग रूमचा एसी बंद. माझाच आवाज. साडेपाचच्या जागी पुण्याहून आलेली ओळ होती : 'आम्ही एक कुटुंब आहोत.'

"थोडं हसून म्हणा मॅडम," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. चौथ्यांदा म्हटलं. टेबलावर आवाज बंद केलेला फोन उजळला. प्रयागबाई. उशीर होईल, असा मेसेज मी त्यांना दुपारी केला होता. पाचव्यांदा म्हटलं, तेव्हा ठीक झालं.

बाहेर येऊन फोन लावला. मागून विहंगचं रडणं ऐकू येत होतं.

"आज ठेवते मी आठपर्यंत," प्रयागबाई हळूच म्हणाल्या. "पण कोणाले सांगू नका बरं. मग सगळ्याच मागतील."

"नाही सांगणार," मी म्हटलं. उद्याचं विचारायचं धाडस झालं नाही.