डमी

उर्मिला पाटणकर प्रूफ वाचायला बसल्या की भाईंदर पश्चिमेच्या त्या गल्लीतल्या छापखान्यात पंख्याचासुद्धा आवाज कमी व्हायचा, असं तिथे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणारा कुलदीप म्हणायचा. आता म्हणायचाच, पंखा काही तिचं ऐकणार नव्हता. पण बाई होतीच तशी. नवऱ्याच्या मागे मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची आणि ऱ्हस्व-दीर्घाशी भांडायची. भांडायला माणूस उरलं नाही की माणूस कशाशीही भांडतं.

त्या वर्षी छपाईला आलं मोरव्याच्या धर्माजींचं पुस्तक. धर्माजी म्हणजे मिठागरावर हयात घालवलेला म्हातारा. आता मूत्रपिंडं थकलेली, खाटेला खिळलेला. पुस्तकात त्याच्या आठवणी, मीठ कसं पिकायचं, भरतीचं पाणी कसं अडवायचे, याच्या. तो सांगायचा आणि त्याची नात चांदणी, कॉलेजात बी.ए. करणारी, लिहून घ्यायची. घरच्यांनी वर्गणी काढली होती. म्हाताऱ्याला डोळे मिटायच्या आत पुस्तक हातात घ्यायचं होतं. बस, एवढंच.

पहिलं प्रूफ हातात आलं आणि उर्मिलाताईंच्या कपाळावर आठी पडली. 'आगरावर जावून', 'पाणी घेवून', 'पाटाशी येवून'. पानोपान तेच.

"कॉलेजात जातेस ना गं," त्या चांदणीला म्हणाल्या. "जाऊन असतं हे."

"ताई, बोलताना तर सारखंच वाटतं."

"म्हणून तर कानावर विसंबायचं नाही. हुकूम करून बघायचा. तू जा, असं म्हणतेस ना? 'जा'मध्ये व आहे का? नाही. मग जा अधिक ऊन, जाऊन. आता तू जेव म्हण. इथे व आहे, तो धातूचाच आहे, म्हणून जेवून. आणि 'जावे', 'जावा' यात व दिसतो म्हणून फसू नकोस, तो प्रत्ययाचा. एवढं करूनही शंका राहिली तर कोश उघडायचा."

चांदणी मान डोलावत राहिली. म्हाताऱ्याच्या तोंडचं बोलणं मात्र ताईंनी हात न लावता ठेवलं. तिथं 'हाय' आणि 'न्हाय' होतं, ते तसंच. "माणूस बोलला ते बोलला, मधलं निवेदन तेवढं प्रमाण हवं," म्हणाल्या. अशी बाई. चूक काढायची, पण कुणाची जीभ कापायची नाही. वाईट नव्हती, एवढं मी सांगून ठेवतो.

दुसरं प्रूफ संध्याकाळी आलं, तोवर त्यांचे डोळे शिणले होते, पापण्या जड. तिकडून चांदणीचा फोन. आजा सारखा विचारतोय, बुक झाला का. घाई करा. कुलदीपने खुर्ची फिरवली.

"ताई, एकेक कशाला शोधता? 'वून'चं 'ऊन' करतो, सगळीकडे एकदम. एक बटण."

इथं एरवी उर्मिलाताईंनी त्याला फाडून खाल्लं असतं. पण त्या दिवशी म्हणाल्या, "कर बाबा, कर." थकलेल्या माणसाचं तोंड असं सैल सुटतं, आणि सुटलेला शब्द कुणी परत आणून देत नाही.

दुसऱ्या दिवशी तिसरं प्रूफ उघडलं आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. 'मीठ सुकऊन', 'पोत्यात ठेऊन', 'भाकर जेऊन', 'बांधाला हात लाऊन', 'हाक ऐकून धाऊन गेलो'. जाऊन, येऊन, घेऊन सुधारले होते आणि सुकव, ठेव, जेव, लाव, धाव या बिचाऱ्यांचे व कापून नेले होते. कुलदीपने बदल त्याच फाइलवर साठवले होते, जुनी उरलीच नव्हती.

"उलटं फिरवू का?" त्याने विचारलं.

"फिरव की. मग जाऊनचं पुन्हा जावून होईल. आणि मिठागराच्या पुस्तकात ऊन किती आहे माहीत आहे का? सगळ्या उन्हाळ्यात 'कडक वून' पडेल." त्या हसल्या नाहीत. "माझीच चूक. आता पानापानाने जावं लागेल. प्रत्येक शब्दाचा धातू बघून."

तेवढ्यात चांदणी आली. चेहरा उतरलेला. आजाने सकाळपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं, इस्पितळात नेलं तर डॉक्टर घरी न्या म्हणाले होते. कुलदीपला दया आली. पोरगा मनाने चांगला. तो म्हणाला, "एक डमी बांधून देऊ का? आहे तशी पानं काढतो, कव्हर लावतो. संध्याकाळपर्यंत आजोबांच्या हातात. बाकीच्या प्रती सावकाश छापू."

चांदणीचा चेहरा एकदम उजळला. "चालंल की."

"नाही चालणार," उर्मिलाताई म्हणाल्या.

त्यांनी प्रूफं आपल्याकडे ओढली.

"अगं, आयुष्यभराचं पुस्तक त्यांचं. पहिल्याच पानावर 'सुकऊन' वाचतील आणि वाटेल, यांनी माझी थट्टा केली. चुकीचं पुस्तक माणसाच्या हातात देत नाहीत. दोन-तीन दिवस दे मला. बसून करते, घरी नेऊन करते."

चांदणी काहीतरी बोलायला गेली. ओठ हलले तिचे. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बरं."

उर्मिलाताई खरंच बसल्या. जेवणाचं ताट झाकून ठेवलेलं तसंच राहायचं. एकेक शब्द, एकेक हुकूम मनात. तू ठेव. तू ये. तू लाव. जिथं अडलं तिथं कोश. कोश जुना, पाठ निसटलेली, पण नवऱ्याने आणून दिलेला, म्हणून दुसरा घेतला नव्हता. पुस्तक शुद्ध होत गेलं तसं त्यांना बरं वाटत गेलं. किती दिवसांनी कुणासाठी काही नीट करत होत्या. वाटायचं, म्हातारा चष्मा लावून उघडेल, पहिलं पान वाचेल, मान हलवेल.

शुद्ध पानांचे ट्रेसिंग कागद छापायला गेले त्याच दिवशी धर्माजी गेले.

पुस्तकं बांधून आली तेव्हा दहावं उलटून गेलं होतं. उर्मिलाताई स्वतः एक प्रत घेऊन मोरव्याला गेल्या. घरासमोर पूर्वी आगर होतं म्हणे, आता इमारती. चांदणीने प्रत दोन्ही हातांत घेतली, फोटोपुढे ठेवली.

"उशीर झाला गं," ताई म्हणाल्या. "पण आता एकही चूक नाही. त्यांनी वाचलं असतं तर..."

"आजाला वाचायला येत नव्हतं, ताई."

उर्मिलाताईंनी फोटोकडे पाहिलं.

"अंगठा होता त्याचा. म्हणून तर तो सांगायचा नि मी लिहायचे. त्या दिवशी सांगणार होते मी. पण तुम्ही एवढं मन लावून करत होता, मला लाज वाटली." चांदणीने नाक पुसलं. "रोज विचारायचा. म्हणायचा, कोऱ्या पानांचा असला तरी चालंल, वर माजा नाव हाय ना? त्याला काय, बुक उशाशी ठेवून निजायचं होतं."

ठेव, ठेवून. उर्मिलाताईंच्या डोक्यात ते आपोआप होऊन गेलं, आणि तिथं, त्या फोटोपुढे, त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी पदर तोंडाशी धरला. चांदणीच त्यांच्यासाठी पाणी आणायला उठली.